पाचवी पिन

"दादा, पांढरा लावला की लाइटच जातो."

दिवाळीच्या आठवड्यात चिंचवडहून एका काकूंचा फोन आला. त्यांच्या हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये मी पाच वर्षांपूर्वी रंगीत एलईडी पट्टी बसवली होती. लाल दाबलं की लाल येतो, हिरवा येतो, निळा येतो, आणि पांढरं दाबलं की सगळा हॉल अंधारात. पुन्हा लाल दाबलं की लाल हजर. काकूंना वाटत होतं, पट्टी जळायला लागली आहे आणि ऐन सणात सीलिंग उघडावं लागणार.

मी एवढंच विचारलं, "काकू, कंट्रोलर बदललाय का?"

बदलला होता. जुन्या डबीचा रिमोट हरवला म्हणून जावयांनी मोबाइलवर चालणारा नवा कंट्रोलर आणून लावला होता. पट्टी तीच जुनी. म्हणजे पट्टी शाबूत होती, कंट्रोलरही शाबूत होता. फक्त दोघांची मोजणी जुळत नव्हती. पट्टी चार तारांची आणि कंट्रोलर पाच तारांचा.

चार तारांच्या पट्टीत पांढरा नावाचा दिवाच नसतो. लाल, हिरवा आणि निळा एकदम लावले की डोळ्याला पांढरं दिसतं, तेवढंच. पाच तारांच्या कंट्रोलरला पांढऱ्याची वेगळी वाट असते. त्याला पांढरा मागितला की तो शहाण्यासारखा बाकीचे तिन्ही रंग बंद करतो आणि पाचवी वाट उघडतो. काकूंकडे त्या पाचव्या वाटेला काहीच जोडलेलं नव्हतं. त्यामुळे त्या एकाच बटणाला अंधार. हे लक्षण इतकं नेमकं आहे की फोनवरून कळतं, शिडी लावायची गरज पडत नाही.

जावयांना फोनवर घेतलं. अॅपच्या सेटिंगमध्ये पट्टीचा प्रकार `RGBW` होता, तो `RGB` करायला सांगितला. तेवढ्यानं पांढरा आला. पण ही सोय प्रत्येक कंट्रोलरमध्ये नसते. नसेल तर चार तारांच्या पट्टीला चार तारांचाच कंट्रोलर लावायचा, दुसरा इलाज नाही.

अशा कामात मी पंधरा वर्षं आहे. पट्टी जळण्यापेक्षा चारास पाच जोडल्यामुळे झालेले घोटाळे मी जास्त निस्तरलेत, म्हणून हे नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

पट्टीचा एक तुकडा हातात घ्या. दर काही अंतरावर आडवी रेघ आणि छोटी कात्री छापलेली दिसेल. पट्टी तिथेच कापायची. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे चपटे ठिपके असतात. बाजारात सर्रास मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या, मीटरला ६० दिवे असलेल्या पट्टीत ही रेघ दर ५ सेंटिमीटरवर, म्हणजे तीन तीन दिव्यांनंतर येते. तशाच २४ व्होल्टच्या पट्टीत ती दर १० सेंटिमीटरवर, सहा दिव्यांनंतर येते. ते ठिपके मोजा. चार असतील तर एक अधिक आणि तीन रंगांचे तीन. पाच असतील तर त्यात पांढऱ्याचा एक वाढला.

यातला अधिकचा ठिपका सगळ्यांचा सामाईक असतो. वीज त्याच्यातून आत येते आणि प्रत्येक रंगातून वेगळ्या तारेनं परत जाते. कंट्रोलर परतीच्या त्या तारा उघडतो आणि मिटतो, अधिकला तो हात लावत नाही. म्हणजे रंगाचा नळ पाणी येण्याच्या नाही, पाणी जाण्याच्या बाजूला आहे. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचे निम्मे घोटाळे आपोआप समजतात.

आता दिवा जवळून बघा, पण विझलेला. चौकोनी दिव्याची बाजू ५ मिलिमीटरची असते, म्हणून दुकानात त्याला ५०५० म्हणतात. पारदर्शक डबक्यासारख्या त्या चौकोनात तीन बारीक ठिणग्यांएवढे कण दिसतात. ती रंगीत पट्टी. त्याच चौकोनाचा एक भाग हळदीसारख्या पिवळ्या लेपाखाली झाकलेला असेल, तर तो पांढऱ्याचा दिवा आहे, म्हणजे पाच ठिपक्यांची पट्टी. काही पट्ट्यांत पांढऱ्याला वेगळं घर दिलेलं असतं, तिथे एक रंगीत दिवा आणि एक पूर्ण पिवळा दिवा असे आलटून पालटून येतात. विझलेल्या पट्टीवर पिवळं कुठेच दिसलं नाही, तर तिच्यात खरा पांढरा नाही.

खऱ्या पांढऱ्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात ते उगाच नाही. तीन रंग मिसळून केलेला पांढरा भिंतीवर पांढरा दिसतो, पण त्या उजेडात पिवळ्या आणि नारिंगीच्या छटा फार कमी असतात. त्यामुळे ताटातलं वरण फिकं पडतं, सागवानी दार राखट दिसतं आणि माणसाचा चेहरा आजारी वाटतो. पिवळ्या लेपातून येणारा पांढरा या छटा भरून काढतो. सणापुरते रंग हवे असतील तर चार ठिपके पुरतात. रोज त्याच उजेडात जेवायचं, वाचायचं असेल तर मी गिऱ्हाइकाला पाच ठिपक्यांची पट्टीच घ्या असं स्पष्ट सांगतो.

माझ्या हातून झालेलं मोठं नुकसान मात्र दिव्यात नव्हे, कनेक्टरमध्ये झालं.

धंद्यात नवा होतो. पुण्यात एका दुकानाच्या शोकेसमध्ये चार ठिपक्यांची पट्टी लावायची होती. कोपऱ्यात वळवायला सोल्डर न लागणारे क्लिपवाले कनेक्टर हवे होते. तपकीर गल्लीत गेलो तर त्या दिवशी चार पिनवाले क्लिप संपलेले. मालक म्हणाले, "पाचवाले घेऊन जा की, एक पिन रिकामी राहील." ऐकायला बरोबर वाटलं. मीही घेतले.

चार ठिपक्यांची पट्टी साधारणपणे १० मिलिमीटर रुंद असते आणि पाच ठिपक्यांची बहुधा १२. क्लिपही त्या त्या रुंदीचे असतात. मी १० ची पट्टी १२ च्या क्लिपमध्ये सरकवली तेव्हा दोन मिलिमीटर जागा मोकळी राहिली. मी पट्टी एका कडेला टेकवली, पत्र्याच्या जिभा ठिपक्यांवर बरोबर आल्याचं बघितलं आणि झाकण दाबलं. सगळे रंग लागले. पैसे घेतले, घरी आलो.

आठ-दहा दिवसांनी दुकानदाराचा फोन आला, "हिरवा बंदच होत नाही." रिमोटनं बंद केलं तरी शोकेस हिरवीगार. मेन स्विच बंद केला तरच विझायची. जाऊन क्लिप उघडला. पट्टी कडेपासून सरकली होती. अधिकच्या ठिपक्यावर बसवलेली जीभ आता अधिक आणि हिरवा या दोघांच्या मधोमध होती. तिथे काळा डाग पडला होता आणि प्लास्टिकला फोड आला होता.

काय झालं असेल ते नंतर नीट समजलं. हिरव्याच्या परतीचा नळ म्हणजे कंट्रोलरमधला मॉसफेट, तो उघडला की हिरव्याची तार वजाला जोडली जाते. एरवी मध्ये दिवे आणि पट्टीवरचे छोटे रेझिस्टर असतात, त्यामुळे वीज बेतानं वाहते. जिभेनं अधिक आणि हिरवा एकमेकांना टेकवले, तेव्हा मध्ये काहीच उरलं नाही. सप्लायची सगळी ताकद थेट त्या इवल्याशा मॉसफेटमधून गेली. मॉसफेट असा जळतो तेव्हा तो बहुतेक वेळा तुटत नाही, आतून जोडलेलाच राहतो. पट्टी पुन्हा थोडी हलल्यावर जिभेचा स्पर्श सुटला, पण नळ कायमचा उघडा राहून गेला. म्हणून हिरवा बंद होईना.

हे तपासायला आता मला अर्धं मिनिट लागतं. वीज बंद करायची, पट्टी कंट्रोलरपासून सोडवायची, मल्टिमीटर बझरवर ठेवायचा. एक टोक कंट्रोलरच्या वीज येण्याच्या बाजूच्या वजावर, दुसरं एकेका रंगाच्या टर्मिनलवर. धडधाकट रंगाला मीटर गप्प राहतो. ज्या रंगाला वाजला, त्याचा मॉसफेट गेला. पट्टी बदलून काही उपयोग नाही, कंट्रोलर बदलायचा. आणि नवा जोडायच्या आधी पट्टीवर अधिक आणि प्रत्येक रंग यांच्यामध्येही मीटर लावून बघायचं, नाहीतर नवाही त्याच वाटेनं जातो.

त्या दुकानात मी पदरच्या पैशानं कंट्रोलर बदलून दिला आणि कोपऱ्यांना सोल्डर मारलं. तेव्हापासून छताच्या कामात मी क्लिप वापरत नाही. हाताला लागणाऱ्या ठिकाणी, छोट्या तुकड्याला चालतो. वापरायचाच तर पिना जुळल्या पाहिजेत आणि मिलिमीटरही जुळले पाहिजेत. "एक पिन रिकामी राहील" हे वाक्य पट्टी घट्ट बसली असेल तरच खरं असतं.

दुसरा घोटाळा तारांच्या रंगांचा. गाडीची वायरिंग शिकून आलेल्या पोराच्या हाताला एक सवय असते, लाल म्हणजे अधिक आणि काळी म्हणजे वजा. रंगीत पट्टीच्या केबलमध्ये लाल तार ही लाल रंगाची परतीची तार असते आणि काळी बहुतेक वेळा अधिक असते. म्हणजे त्याच्या सवयीच्या नेमकं उलट. माझ्याबरोबर नवीन आलेल्या प्रत्येक पोरानं ही चूक एकदा केली आहे. पट्टी पेटत नाही आणि तो सप्लाय बिघडला म्हणून सप्लाय बदलत बसतो.

पांढऱ्या तारेचं तर त्याहून अवघड आहे. चार तारांच्या काही केबलींत काळ्याऐवजी पांढरी तार येते आणि तीच अधिक असते. पाच तारांच्या केबलीत पांढरी तार म्हणजे पांढऱ्या दिव्याची परत. एकाच रंगाच्या तारेचे दोन केबलींत दोन अर्थ. जुन्या चारच्या केबलीची पांढरी तार कोणी नव्या कंट्रोलरच्या पांढऱ्याच्या टर्मिनलला लावली की पट्टीला अधिक मिळतच नाही, आणि सगळं मढ्यासारखं पडून राहतं.

प्लगचंही तसंच. काळ्या चपट्या प्लगवर एका कडेला छोटा बाण कोरलेला असतो, तो अधिकची बाजू दाखवतो. बाणाला बाण जुळवायचा. प्लग दोन्ही बाजूंनी सारखा असतो, त्यामुळे उलटा लावता येतो. उलटा लागला तर काही पेटत नाही, पण बहुतेक वेळा काही जळतही नाही, कारण दिवा वीज एकाच दिशेनं जाऊ देतो. चार पिनांचा प्लग पाच भोकांच्या सॉकेटमध्ये मात्र सरळ धरूनही दोन जागी बसतो. बाणाच्या कडेनं लावला तर तीन रंग येतात, पांढरा येत नाही. एक भोक सरकून लावला तर अधिक रिकामा राहतो आणि सगळंच बंद. म्हणून "काहीच लागत नाही" अशी तक्रार आली की मी आधी प्लग काढून भोकं मोजतो, सप्लायकडे नंतर बघतो.

लाल दाबलं आणि हिरवा आला, हा बिघाड नव्हे. ठिपक्यांचा क्रम प्रत्येक बनवणारा आपापल्या सोयीनं ठेवतो. कुठे अधिकनंतर हिरवा, लाल, निळा येतात, कुठे लाल, हिरवा, निळा. दोन तारा आपसात बदलल्या की संपलं.

माझी खात्री करून घ्यायची पद्धत साधी आहे. नवीन रोल आला की टोकाचा एकच तुकडा कापतो. पट्टीवर छापलेले व्होल्ट वाचतो आणि तेवढ्याच व्होल्टचा सप्लाय घेतो. ५ व्होल्टच्या पट्टीला १२ लावले तर ती जाते. २४ च्या पट्टीला १२ लावले तर ती पेटत नाही किंवा लाल जेमतेम मिणमिणतो, आणि माणूस चांगली पट्टी खराब समजून फेकून देतो. सप्लायचं अधिक त्या तुकड्याच्या अधिकच्या ठिपक्यावर धरतो आणि वजाची तार एकेका ठिपक्याला टेकवतो. ज्या ठिपक्याला जो रंग पेटला, तो कागदी टेपवर लिहून केबलीच्या त्या तारेला चिकटवतो. कंट्रोलरशिवाय करायचं हे काम आहे. पट्टीवर स्वतःचे रेझिस्टर असतात, त्यामुळे अशी थेट वीज तिला सोसते. एकदा या चिठ्ठ्या लागल्या की तारेचा रंग काहीही असो, मी चिठ्ठीवर जातो.

आता एक काम तपशिलानं सांगतो, कारण चार आणि पाचाचा खरा पेच तिथे पडला.

सदाशिव पेठेत निवृत्त शिक्षक काकांचं घर. हॉलच्या सीलिंगला चारी बाजूंनी खाच, एकूण १० मीटर. तिथे आधी कोणीतरी १२ व्होल्टची चार ठिपक्यांची पट्टी लावलेली, आणि टीव्हीच्या कपाटात ४४ बटणांच्या रिमोटची डबी. काका म्हणाले, "रंग मला गणपतीत पाच दिवस लागतात. उरलेलं वर्ष मला वाचायचं असतं." त्यांच्यासाठी २४ व्होल्टची पाच ठिपक्यांची पट्टी ठरली, ५ मीटरचे दोन रोल, आणि पाच टर्मिनलचा वायफाय कंट्रोलर.

पट्टी बदलणं सोपं होतं. अडचण केबलची होती. कपाटापासून सीलिंगपर्यंत चार तारांची केबल होती, ०.७५ चौरस मिलिमीटरची, आणि ती पाइपात नव्हती, थेट पीओपीत गाडलेली. पाइपात असती तर जुन्या केबलीच्या शेपटीला नवी बांधून ओढून घेतली असती. इथे ओढायला काही हलत नव्हतं. पाच तारा हव्या आणि चारच हाताशी.

आमच्या आधी येऊन गेलेल्या माणसानं काकांना तोड सुचवली होती, "पांढरा निळ्याच्या तारेला जोडून टाकू." हे करू नका. दोन परतीच्या तारा एका नळाला बांधल्या की निळा लावताना पांढरा लागणार आणि पांढरा लावताना निळा. वाचायला निळसर उजेड, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच गेलं. शिवाय एकाच मॉसफेटवर दुप्पट भार.

माझ्याबरोबरचा पोरगा शिडीवरून म्हणाला, "दादा, कंट्रोलर इथेच वर ठेवला तर?"

बरोबर होतं त्याचं. पाच तारा लागतात त्या कंट्रोलर आणि पट्टी यांच्यामध्ये. सप्लाय आणि कंट्रोलर यांच्यामध्ये लागतात दोनच, अधिक आणि वजा. कंट्रोलर वर खाचेत गेला, तर कपाटापासून छतापर्यंत दोनच तारा पुरतात, आणि आमच्याकडे तर चार होत्या. दोन दोन जोडून अधिकला दोन आणि वजाला दोन दिल्या. म्हणजे प्रत्येक बाजूला दीड चौरस मिलिमीटर तांबं झालं.

हे भागेल का, याचा हिशोब मी काकांसमोर कागदावर केला. ही पट्टी चारही रंग पूर्ण लावले तर मीटरला १९.२ वॉट खाते. १० मीटरची १९२ वॉट. २४ नं भागलं की ८ अँपिअर. केबलीची लांबी ६ मीटर, जाऊन येऊन १२. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्यात मीटरमागे साधारण ०.०१३ ओहम धरला तर १२ मीटरला ०.१६ च्या आसपास. त्याला ८ नं गुणलं की सव्वा व्होल्ट वाटेत जातो. चोवीसातून सव्वा गेला तर डोळ्याला कळत नाही. हीच पट्टी १२ व्होल्टची असती तर १६ अँपिअर लागले असते आणि अडीच व्होल्ट वाटेत गेले असते. तेव्हा पांढरा मंद पडलेला दिसला असता, आणि त्या केबलीवर एवढा भार मी टाकलाच नसता. जोडलेल्या दोन तारांपैकी एक सुटली तर सगळा भार दुसरीवर येतो, म्हणून टोकं पिळून न ठेवता दाबाची टोपी घालून टर्मिनलला घेतली आणि सप्लायच्या तोंडाशी १० अँपिअरचा फ्यूज दिला.

कंट्रोलर वर ठेवताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. समोर धरून वापरायचा साधा इन्फ्रारेड रिमोट असेल तर डोळा दिसला पाहिजे, खाचेत लपवला की तो ऐकत नाही. वायफायचा किंवा रेडिओच्या रिमोटचा कंट्रोलर चालतो. आणि तो पीओपीत बंद करायचा नाही. हात घालून काढता येईल असा खाचेच्या ओट्यावर, पट्टीपासून थोडा लांब ठेवायचा.

कंट्रोलरच्या पाच टर्मिनलांतून पाच तारांचे दोन फाटे काढले, एका रोलला एक. एका रोलच्या शेपटीला दुसरा जोडला नाही. प्रत्येक रोलला पूर्ण उजेडात ४ अँपिअर लागतात आणि ते सगळे त्या एकट्या अधिकच्या ठिपक्यातून जातात. परतीला चार वाटा आहेत, येण्याला एकच. पाच पिनांच्या कनेक्टरमध्ये आधी गरम होते ती अधिकची पिन, पाचवी नव्हे. म्हणून तिथे सोल्डरच. तासाभरानं सगळे रंग पूर्ण लावून पट्टीच्या तोंडाशी मीटर धरला, २२.८ आले. काकांनी पुस्तक उघडलं आणि आम्हाला चहा सांगितला.

मोठ्या हॉलमध्ये आणखी एक जागा चुकते, ती अँप्लिफायरची. लांब पट्टीला मध्ये जोर द्यायला तो लावतात, आणि तोही चार तारांचा किंवा पाच तारांचा येतो. एका मंगल कार्यालयात पांढरा अर्ध्या हॉलपर्यंतच यायचा, पुढे फक्त रंग. पट्टी पाचची, कंट्रोलर पाचचा, मध्ये अँप्लिफायर चारचा. पाचवी तार त्याच्या अलीकडे टेपनं गुंडाळून ठेवली होती. पट्टी, कनेक्टर, केबल, अँप्लिफायर, कंट्रोलर आणि अॅपमधलं सेटिंग यांतलं एक जरी चारचं असलं, तर तिथून पुढे खरा पांढरा नाही.

चार ठिपके दिसले म्हणजे पट्टी साधी रंगीतच असेल, असंही धरून चालू नका. पळते रंग दाखवणारी पट्टी वेगळी. तिच्या प्रत्येक दिव्याला हुकूम ऐकणारी चिप असते. डब्ल्यूएस २८१५ नावाच्या चिपची पट्टी १२ व्होल्टची आणि चार तारांचीच असते, पण त्या तारा अधिक, वजा आणि हुकमाच्या दोन. साध्या कंट्रोलरवर ती चालत नाही, वर बिघडण्याची भीती. ओळखायला सोपं आहे. ठिपक्यांपाशी जीएनडी किंवा डीआय छापलेलं असेल तर ती पळत्या रंगांची. साध्या रंगीत पट्टीवर वजाचा ठिपकाच नसतो, अधिक आणि रंगांची अक्षरं एवढंच. आणि सहा ठिपके दिसले तर त्यात पांढरे दोन आहेत, एक पिवळसर आणि एक थंड. त्याला सहा टर्मिनलचा कंट्रोलर हवा.

गणपती आणि दिवाळीच्या आधी दुकानांत फार गर्दी असते. काउंटरवर उभं राहून "रंगीत पट्टीचा कनेक्टर द्या" म्हटलं की जो हाताला लागेल तो मिळतो, आणि घरी आल्यावर कळतं की तो दुसऱ्याच मापाचा आहे. म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती. कंट्रोलर, कनेक्टर किंवा केबल आणायला निघाल्यावर घरच्या पट्टीच्या शेपटीचा एक तुकडा कात्रीच्या रेघेवर कापून खिशात टाका, आणि जुन्या कंट्रोलरच्या टर्मिनलांचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. दुकानात तो तुकडा काउंटरवर ठेवा, ठिपके मोजून दाखवा आणि मगच पैसे द्या.